ब्रेक लागल्यावर आलेख का वाकतो

ताशी ७२ किलोमीटर वेगाने एक मोटार सरळ, कोरड्या रस्त्यावरून चालली आहे. पुढे काहीतरी आडवं येतं, चालक ब्रेकवर पाय देतो आणि गाडी थांबते. या चार-पाच सेकंदांतली गोष्ट कॉलेजच्या गणिताच्या पुस्तकात ‘द्वितीय विकलज’ या नावाखाली येते. बहुतेकांना त्यातलं आठवतं ते एवढंच, की एकदा विकलन करायचं आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा एकदा विकलन करायचं. कृती हाताला बसते, मार्कही मिळतात. पण दुसऱ्यांदा विकलन केल्यावर हाती आलेली संख्या कशाची, असं विचारलं की दोन वेगळी उत्तरं मिळतात. भौतिकशास्त्राचे शिक्षक सांगतात, ते त्वरण. गणिताचे शिक्षक सांगतात, तो आलेखाचा बाक. दोघांचंही बरोबर आहे, आणि दोघे एकाच संख्येबद्दल बोलत आहेत हे या थांबणाऱ्या गाडीत अगदी स्वच्छ दिसतं.

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत ७२,००० मीटर, म्हणजेच सेकंदाला २० मीटर. ब्रेक असा दाबला आहे की दर सेकंदाला गाडीचा वेग सेकंदाला ५ मीटरने उतरतो. हा ब्रेक चांगलाच जोराचा आहे. सिग्नलला आपण सावकाश थांबतो तेव्हा साधारण याच्या निम्म्यानेच वेग उतरतो. चांगले टायर आणि कोरडा डांबरी रस्ता असेल तर जिवाच्या आकांताने दाबलेला ब्रेक सात-आठपर्यंत जातो. पाचाच्या ब्रेकला माणूस पुढे झुकतो, सीटवर ठेवलेली पिशवी बहुधा घसरून खाली येते.

मग वेगाचा हिशेब सोपा आहे. ब्रेक लागला त्या क्षणी वेग २०, एका सेकंदाने १५, मग १०, मग ५, आणि चौथा सेकंद संपताना शून्य. अंतर काढायला प्रत्येक सेकंदातला सरासरी वेग घ्यायचा. पहिल्या सेकंदात वेग २० वरून १५ वर आला, सरासरी १७.५, म्हणून गाडी १७.५ मीटर गेली. दुसऱ्या सेकंदात १२.५, तिसऱ्यात ७.५, चौथ्यात २.५. ब्रेक लागला त्या जागेपासून मोजलं तर दर सेकंदाला गाडीची जागा अशी येते: ०, १७.५, ३०, ३७.५, ४०. चाळीस मीटरवर गाडी उभी.

आता गाडीतला माणूस बाजूला ठेवू. समजा, वेग किती होता आणि ब्रेक किती जोरात दाबला याची आपल्याला काहीच माहिती नाही. रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यातून टिपलेल्या या पाच जागा तेवढ्या हातात आहेत. प्रत्येक जागेतून आधीची जागा वजा करत गेलं की १७.५, १२.५, ७.५, २.५ मिळतात. हे त्या त्या सेकंदातले वेग. या चार आकड्यांवर तीच वजाबाकी पुन्हा केली की उणे ५, उणे ५, उणे ५. गाडीत न बसता, स्पीडोमीटरकडे न पाहता ब्रेक किती जोरात दाबला होता ते कळलं.

द्वितीय विकलज म्हणतात ते हेच, फक्त एक सेकंदाच्या ढोबळ पावलांऐवजी पावलं लहान लहान करत शून्याकडे नेलेली. पहिली वजाबाकी जागा किती बदलली ते सांगते, दुसरी वजाबाकी तो बदलच किती बदलला ते सांगते. एककही इथूनच येतं. वेग ‘दर सेकंदाला इतके मीटर’ असा, आणि तो दर सेकंदाला बदलतो, म्हणून ‘दर सेकंदाला, दर सेकंदाचे इतके मीटर’. एकदा लिहिलेला सेकंद पुन्हा आला म्हणून सेकंदाचा वर्ग. जगात कुठे ‘चौरस सेकंद’ नावाची वस्तू नाही. एकाच घड्याळाने दोनदा भागलं, एवढाच त्याचा अर्थ. सूत्रात लिहायचं तर गाडीची जागा

s = 20t − 2.5t²

पहिल्यांदा विकलन केलं की वेग, 20 − 5t. दुसऱ्यांदा केलं की −5. त्यात t उरतच नाही, कारण चारही सेकंद ब्रेक सारख्याच जोराने दाबलेला आहे.

१७.५, १२.५, ७.५, २.५ या आकड्यांना २.५ ने भागून पाहा. ७, ५, ३, १ येतात. उलटे वाचले की १, ३, ५, ७. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून केलेल्या प्रयोगांतून हाच विषम संख्यांचा क्रम पुढे आणला आणि १६३८ साली लायडनमध्ये छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात मांडला: स्थिर अवस्थेतून सुटलेली वस्तू सारख्या कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरं कापते. आपली गाडी म्हणजे गॅलिलिओचा गोळा, चित्रफीत उलटी फिरवून पाहिलेला. त्याच्याजवळ विकलज नव्हता. न्यूटन आणि लायब्निट्स यांचं काम पुढच्या पिढ्यांमधलं. पण विषम संख्यांच्या या क्रमात दोन शेजाऱ्यांमधला फरक नेहमी २ असतो, म्हणजे दुसरी वजाबाकी स्थिर राहते. त्वरण एकसारखं असल्याची खूण हीच.

आता आलेख काढू. आडव्या अक्षावर वेळ घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे १ सेकंद. उभ्या अक्षावर अंतर घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर. पाच बिंदू मांडून हलक्या हाताने जोडले की ताठ चढत जाणारी आणि वरती पोचता पोचता आडवी होणारी रेषा मिळते. गाडी मंदावते आहे म्हटल्यावर रेषा खाली यायला हवी, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. गाडी पुढेच चालली आहे, अंतर वाढतंच आहे, तेव्हा रेषा चढतच राहणार. कमी होतोय तो रेषेचा चढ, आणि चढ म्हणजेच वेग. दुसरा गैरसमज असा, की रेषा वाकली म्हणजे गाडी वळली. पण हा रस्त्याचा नकाशा नाही. रस्ता अगदी सरळ आहे. वाकला आहे तो वेळेशी लावलेला अंतराचा हिशेब.

ब्रेक लागण्याआधीचा भागही याच कागदावर डावीकडे काढता येतो. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू. त्या सेकंदात गाडी पूर्वीच्याच वेगाने २० मीटर जाते. तेवढा तुकडा सरळ रेषेचा. चढ भरपूर आहे पण बदलत नाही, म्हणून द्वितीय विकलज शून्य. वेग मोठा म्हणजे त्वरण मोठं असं नाही, हे इथे डोळ्यांना दिसतं. ताठ पण सरळ रेषा म्हणजे जोरात जाणारी, पण आत बसलेल्या माणसाला काहीच न जाणवणारी गाडी. तीच रेषा जिथे वाकायला लागते तिथे पोटात कळतं.

बाक म्हणजे त्वरण, हे असं नुसतं म्हणून भागणार नाही. बाक मोजता आला पाहिजे, आणि मोजलेला आकडा पाचच यायला हवा. तो असा मोजतात. आलेखावरचे दोन बिंदू घ्या, समजा ब्रेक लागला तो क्षण आणि दोन सेकंदांनंतरचा क्षण, आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणल्यासारखी एक सरळ रेषा काढा. पहिल्या बिंदूला अंतर शून्य, दुसऱ्याला ३० मीटर. दोरीचा मधला बिंदू बरोबर निम्म्यावर, १५ मीटरवर येतो. गाडी मात्र एका सेकंदाला १७.५ मीटरवर होती. आलेख दोरीच्या २.५ मीटर वर उचललेला आहे. हा उचललेला भाग म्हणजेच बाक. त्याची दुप्पट ५.

ही दुप्पट कुठून आली तेही पाहून घेऊ. दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी काढून तिच्यातून मधला आकडा वजा करायचा आणि दुप्पट करायची, म्हणजे ० अधिक ३०, वजा १७.५ ची दुप्पट. उत्तर उणे ५. आता वजाबाकीवर वजाबाकी करून पाहा: (३० − १७.५) मधून (१७.५ − ०) वजा. कंस सोडले की अक्षर न् अक्षर तीच बेरीज-वजाबाकी उरते. मधली जागा दोन्ही फरकांमध्ये येते, म्हणून ती दोनदा वजा होते. भौतिकशास्त्राचे शिक्षक वेगांची वजाबाकी करतात, गणिताचे शिक्षक दोरी ताणून फरक मोजतात, आणि दोघांच्या कागदावर एकच ओळ उमटते. माझ्या मते द्वितीय विकलजाचा सगळ्यात उपयोगी अर्थ हाच आहे: मधली किंमत शेजाऱ्यांच्या सरासरीपासून किती हटली आहे. मधली किंमत सरासरीपेक्षा वर असेल तर द्वितीय विकलज ऋण, खाली असेल तर धन, बरोबर सरासरीवर असेल तर शून्य, म्हणजे सरळ रेषा. हा अर्थ लक्षात राहिला की चिन्हांचा गोंधळ होत नाही.

पण डोळ्यांवर फार विसंबूनही चालत नाही. आपल्या आलेखाकडे नुसतं पाहिलं तर तो सुरुवातीला जवळजवळ सरळ वाटतो आणि सगळा बाक शेवटच्या सेकंदात, माथ्यापाशी गोळा झाल्यासारखा दिसतो. ते पाहून कुणीही म्हणेल की चालकाने आधी हलका ब्रेक लावला आणि शेवटी करकचून दाबला. ते चुकीचं आहे. चारही सेकंद त्वरण उणे ५ आहे.

फसगत कुठे होते? डोळा कोन पाहतो, द्वितीय विकलज चढ पाहतो. आपल्या कागदावर आरंभी रेषेचा चढ ४ आहे, म्हणजे १ सेंटिमीटर उजवीकडे गेलं की ४ सेंटिमीटर वर. दर सेकंदाला हा चढ एकाने कमी होतो. पहिल्या सेकंदात तो ४ वरून ३ वर येतो, आणि रेषेचा कोन सुमारे ७६ अंशांवरून साडेएकाहत्तरवर येतो. जेमतेम साडेचार अंशांचा फरक. शेवटच्या सेकंदात चढ १ वरून ० वर येतो, तेव्हा कोन ४५ अंशांवरून एकदम शून्य. चढातला बदल दोन्हीकडे एकच, कोनातला बदल दहापट. वर्तुळाच्या भाषेत सांगायचं तर या कागदावर सुरुवातीचा बाक ७० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतका मंद आहे आणि माथ्याचा बाक १ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतका तीव्र. वक्रता आणि द्वितीय विकलज ही दोन मापं वेगळी आहेत. रेषा जिथे आडवी असते तिथेच ती जुळतात. शिवाय उभ्या अक्षाचं प्रमाण बदललं, ५ मीटरऐवजी १० मीटरला १ सेंटिमीटर घेतला, की सगळं चित्र वेगळं दिसतं. गाडीला त्याचं काही देणंघेणं नसतं.

म्हणून आलेख वाचताना एकेक सेंटिमीटर उजवीकडे सरकत रेषा किती वर गेली ते मोजायचं. आपल्या कागदावर ते ३.५, २.५, १.५ आणि ०.५ सेंटिमीटर येतं. दर पावलाला बरोबर एक सेंटिमीटरने कमी. डोळ्याला जे दिसलं नाही ते पट्टीने सांगितलं.

चिन्हाबद्दलही एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ऋण त्वरण म्हणजे मंदन, हे आपण शाळेत शिकतो. ते पुढे जाणाऱ्या गाडीपुरतं खरं आहे. आता हीच गाडी पार्किंगमधून रिव्हर्समध्ये काढू. पुढची दिशा धन धरलेली असेल तर मागे जाताना वेग ऋण येतो. आधी शून्य, मग उणे १, मग उणे २. गाडी मागच्या बाजूला वेग घेते आहे, तरी त्वरण उणे १ आहे. मग मागे भिंत दिसते, चालक ब्रेक दाबतो, वेग उणे २ वरून उणे १ आणि शून्यावर येतो. गाडी मंदावते आहे आणि त्वरण धन आहे. एकटा द्वितीय विकलज गाडी मंदावतेय की वेग घेतेय हे सांगत नाही, तो फक्त आलेख कोणत्या बाजूला वाकतोय ते सांगतो. मंदावणं ओळखायला वेग आणि त्वरण दोन्हींची चिन्हं समोर हवीत. ती उलट असली तर गाडी मंदावते, सारखी असली तर वेग घेते. आलेखात पाहायचं तर रेषा आडवी होत चालली असेल तर मंदावणं, आणखी ताठ होत चालली असेल तर वेग घेणं, मग ती वर जात असो की खाली.

या वाकलेल्या रेषेतून रस्त्यावरची एक गोष्ट निघते, आणि ती गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. चाळीस मीटरमध्ये थांबणारी आपली गाडी वीस मीटर गेल्यावर, म्हणजे अर्धं अंतर संपल्यावर, किती वेगात असेल? निम्म्या, म्हणजे ताशी ३६ वर, असं उत्तर पटकन येतं. खरं उत्तर ताशी ५१ किलोमीटर. वेग वेळेच्या प्रमाणात उतरतो, अंतराच्या नाही. सुरुवातीच्या सेकंदांत गाडी जोरात असते, म्हणून बरंचसं अंतर तेव्हाच खर्ची पडतं. दोन सेकंदांत, म्हणजे अर्ध्या वेळात, ४० पैकी ३० मीटर गेलेले असतात. उरलेल्या दोन सेकंदांना शेवटचे १० मीटर पुरतात.

आता तिच्या शेजारून ताशी १०० किलोमीटरने जाणारी दुसरी गाडी घेऊ. ब्रेक तेवढेच चांगले, चालक तेवढाच सावध. दोघांना एकाच जागी, एकाच क्षणी अडथळा दिसतो. दोघांचाही ब्रेक एका सेकंदाने लागतो. पहिली गाडी त्या सेकंदात २० मीटर आणि ब्रेक लागल्यावर ४० मीटर, असे ६० मीटर जाऊन थांबते. दुसरी गाडी त्या एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. ब्रेक लागल्यावर तिला ६० मीटरच्या खुणेपर्यंत उरतात ते फक्त ३२ मीटर. थांबायला तिला हवेत ७७ मीटर, कारण थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पहिली गाडी जिथे उभी आहे तिथे दुसरी ताशी ७६ किलोमीटरने पोचते. म्हणजे पहिल्या गाडीने ब्रेक लावण्यापूर्वी जो वेग धरला होता त्यापेक्षाही जास्त. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले तर दोघांचा द्वितीय विकलज एकच, उणे ५. आरंभाचा चढ तेवढा वेगळा. तरी एक रेषा ६० वर आडवी होते आणि दुसरी १०५ वर.

ओल्या रस्त्यावर ५ ऐवजी ३ च मिळाले तर? मग पहिली गाडीसुद्धा ब्रेक लागल्यावर सुमारे ६७ मीटर घेते. रेषा तेवढ्याच चढाने सुरू होते पण सावकाश वाकते, त्यामुळे माथा दूर जातो. चालकाच्या हातात दोनच गोष्टी असतात, आरंभाचा चढ आणि बाक. त्यातला बाक बऱ्याच अंशी टायर आणि रस्ता ठरवतात.

सूत्राची हद्द कुठे संपते तेही सांगायला हवं. s = 20t − 2.5t² यात पाचवा सेकंद घातला तर उत्तर ३७.५ मीटर येतं. म्हणजे गाडी चाळीसपर्यंत जाऊन अडीच मीटर मागे आली! वर फेकलेला चेंडू असंच वागतो, माथ्यावर क्षणभर थांबून परत येतो, कारण गुरुत्वाकर्षण माथ्यावरही तेवढंच चालू असतं. ब्रेक गाडीला मागे ओढत नाही, तो फक्त चाकांच्या फिरण्याला विरोध करतो. चाकं थांबली की विरोध करायला काही उरत नाही. त्यामुळे चौथ्या सेकंदाला त्वरण उणे ५ वरून एकदम शून्यावर येतं. अंतराचा आलेख तिथे गुळगुळीतच दिसतो, कारण माथ्यावर रेषा आडवी झालेली आहे आणि पुढेही ती आडवीच जाते. वेगाच्या आलेखात मात्र कोपरा दिसतो, आणि त्वरणाच्या आलेखात सरळ पायरी. आत बसलेल्यांना ही पायरी कळते. ब्रेकमुळे गाडीचं नाक खाली दबलेलं असतं, ते एकदम सुटून वर येतं आणि सगळे मागे सीटवर आपटतात. सराईत चालक शेवटच्या अर्ध्या सेकंदात पेडलवरचा पाय हलकेच सैल करतो तो याचसाठी. तो पायरीचा उतार करतो. त्वरण किती झपाट्याने बदलतं, हा तिसरा विकलज.

शेवटी मोजण्याबद्दल, कारण द्वितीय विकलज कागदावर सोपा आणि प्रत्यक्षात भलताच नाजूक असतो. कॅमेऱ्याने दिलेल्या पाच जागांपैकी मधली एकच अर्ध्या मीटरने चुकली, ३० ऐवजी ३०.५ आली, असं समजा. पहिल्या वजाबाकीत १७.५, १३, ७, २.५ येतात. दुसऱ्या वजाबाकीत उणे ४.५, उणे ६, उणे ४.५. स्थिर असलेला ब्रेक हेलकावे खाताना दिसतो. मग वाटतं, नोंदी जास्त बारकाईने घेऊ, सेकंदाऐवजी दर दशांश सेकंदाला. इथेच घात होतो. दशांश सेकंदात खरा बाक, म्हणजे दुसऱ्या वजाबाकीचं खरं उत्तर, फक्त ५ सेंटिमीटर असतं. अर्ध्या मीटरची चूक त्याला पार बुडवते. एक चुकलेली नोंद त्वरणाचा आकडा उणे ५ वरून उणे १०५ पर्यंत नेऊ शकते. पाऊल दहापट लहान केलं की चूक शंभरपट मोठी होते, कारण वेळेने दोनदा भागायचं असतं. असे आकडे समोर आले तर एकेका तिकडीवर विश्वास न ठेवता बऱ्याच बिंदूंमधून एकच गुळगुळीत वक्र बसवायचा आणि त्याचा बाक घ्यायचा.

दुसरा मार्ग असा, की जागेवरून त्वरण काढायचंच नाही, ते थेट मोजायचं. न्यूटनने १६८७ मध्ये बल आणि त्वरण यांची जी गाठ बांधून दिली तिचाच हा उपयोग. जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आणि एअरबॅग असलेल्या बहुतेक गाड्यांत एक चिप असते. तिच्यात सिलिकॉनचं सूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. गाडीचा वेग बदलला की ते वजन जरासं मागे-पुढे राहतं, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्यातून त्वरणाचा आकडा मिळतो. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, हे त्या चिपला ठाऊक नसतं. द्वितीय विकलज तिला आधी कळतो.

मग उलटं जाता येईल का, त्वरणाची बेरीज करून वेग आणि वेगाची बेरीज करून जागा? येतं, पण इथे चूक दुसऱ्या वाटेने शिरते. टेबलावर ठेवलेला फोनही ९.८ दाखवतो, कारण त्या वजनाला गुरुत्वाकर्षण जाणवत असतं. तेवढं वजा करावं लागतं, आणि त्यासाठी फोन नेमका किती कललेला आहे ते ठाऊक असावं लागतं. एका अंशाने कल चुकला तर सुमारे ०.१७ चं खोटं त्वरण उरतं. ब्रेक लागल्यावर गाडीचं नाक दबतं तेवढ्यानेही असा कल येऊ शकतो. चार सेकंदांत या चुकीने जागा दीड मीटरही हलत नाही. पण बोगद्यात शिरल्यावर उपग्रहांचा संकेत तुटला आणि मिनिटभर याच बेरजेवर विसंबलं, तर नकाशावरची गाडी खऱ्या गाडीपासून तीनशे मीटर दूर गेलेली असते. त्यामुळे गाडीतच बसवलेल्या नकाशा यंत्रणा त्वरणाच्या जोडीला चाकांचे फेरेही मोजतात. फेऱ्यांवरून अंतर थेट मिळतं, आणि दोनदा बेरीज करण्याची वेळ येत नाही.